सव्वा वाटी की सव्वा किलो?

*माई, नमस्कार. साने गुरुजी वसाहतीत आम्ही नवीन फ्लॅट घेतलाय. वास्तुशांत झाली, आता श्रावणात सत्यनारायण घालायचाय. सासूबाई आजऱ्याला असतात, गुडघ्यांमुळे येऊ शकत नाहीत, म्हणून सगळं माझ्यावर आलंय. गुरुजी फक्त सकाळी अकराला येऊ शकतात आणि ह्यांची गोकुळ शिरगावची ड्युटी साडेपाचला सुटते. गुरुजींच्या यादीत ‘प्रसाद सव्वा’ एवढंच लिहिलंय. सव्वा काय, वाटी की किलो? ऐंशीएक माणसं येतील. मागच्या वर्षी नणंदेकडचा शिरा गोळे होऊन चिकट झाला होता आणि कथा वीस मिनिटांत उरकली होती. त्यात जाऊबाई प्रसाद न घेता गेल्या आणि वाटेत गाडीवरून पडल्या. तेव्हापासून घरात सगळ्यांना भीती बसलीय. माझ्या हातून काही चुकलं तर?*
*— एक सून, कोल्हापूर*

अगं, वाटी घे नाहीतर किलो घे, दोन्ही बरोबर. सत्यनारायणाच्या पोथीत पहिल्याच अध्यायात विष्णू नारदाला प्रसादाचे जिन्नस सांगतात. केळी, तूप, दूध आणि गव्हाचं पीठ. गव्हाचं नसेल तर तांदळाचं चालेल. साखर, ती नसेल तर गूळ. एवढं सांगून झालं की पुढे शब्द येतो ‘सपाद’. पाद म्हणजे पाव, तेव्हा पावासकट एक, म्हणजे सव्वा. कशाचा सव्वा, ते पोथी सांगत नाही. लाकडं विकणाऱ्यानं त्याच्या घरच्या मापानं करावं आणि राजानं त्याच्या. अट एवढीच की एकदा माप ठरलं की सगळे जिन्नस त्याच मापानं घ्यायचे आणि सगळे एकत्र करून देवापुढं ठेवायचे.

या सारख्या मापामागं स्वयंपाकघरातलं एक शहाणपण आहे असं मला वाटतं. नैवेद्याचा पदार्थ चाखायचा नसतो. रोजच्या शिऱ्याला आपण चमच्यानं बघतो, साखर कमी वाटली तर वरून घालतो. इथं ती सोय नाही. मग न चाखता हमखास जमणारं माप कुठलं? रवा, तूप, साखर समसमान. गोडीला कमी पडत नाही, तुपाला कमी पडत नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्या बाईचाही अंदाज चुकत नाही.

तुझ्या ऐंशी माणसांना सव्वा किलोचा प्रसाद कर. रवा, साखर, तूप सव्वा-सव्वा किलो आणि दूध सव्वा लिटर. यातून साडेसहा ते सात किलो शिरा होतो. द्रोणात मोठा चमचाभर, म्हणजे साठेक ग्रॅम धरलास तर ऐंशी माणसांना पाच किलो लागतो. उरलेला ज्यांना येता आलं नाही त्यांच्या घरी डब्यातून जातो आणि तो जायलाच हवा, ते पुढं सांगते. तूप घेताना बघ, लिटरचा पुडा म्हणजे किलो नव्हे. लिटरभर तूप साधारण नऊशे ग्रॅम भरतं. त्यामुळे काट्यावर मोजून घे.

केळ्यांचा सव्वा डझनात धरतात. सव्वा डझन म्हणजे पंधरा. ही पंधरा वेलची केळी असली तर शिऱ्यात छान मावतात. मोठी केळी असतील तर शिऱ्यात सहा-सात घाल, उरलेली देवापुढं फळांत ठेव. साल काळपट ठिपक्यांची, पण आतून घट्ट अशी बघून घे. कच्चट केळं शिऱ्यात तुरट लागतं आणि फार पिकलेलं विरघळून शिरा काळा करतं.

आता पाण्याचं. इथंच बहुतेक जणी फसतात, कारण पोथीच्या यादीत पाणी नाही. सव्वा दुधात तेवढाच रवा नीट फुलत नाही. त्याला मापाच्या दुप्पट ओल लागते. वाटीनं करत असशील तर सव्वा वाटी रव्याला सव्वा वाटी दूध आणि सव्वा वाटी पाणी, हिशेब सोपा आहे. किलोनं करताना मात्र तोच हिशेब लावू नको. रवा हलका असतो. सव्वा किलो रवा मापानं पावणेदोन लिटरच्या भांड्यात बसतो, म्हणून त्याला साडेतीन लिटर ओल लागते. सव्वा लिटर दूध आणि सव्वादोन लिटर पाणी. नणंदेकडं काय झालं ते मी बघितलं नाही, पण चिकट शिरा म्हणजे दोनातलं एक. रवा कच्चा भाजलेला, नाहीतर ओल ओतल्यावर घाबरून सारखं घोटत बसलेली बाई.

भाजणं असं कर. सव्वा किलो तुपातलं एक किलो सुरुवातीला घ्यायचं आणि पाव किलो मागं ठेवायचं. सव्वाचे दोन भाग आपोआप पडतात बघ. जाड बुडाचं पातेलं घे, गॅस बारीक ठेव, मध्यम जाडीचा रवा घे. तूप तापलं की रवा घाल आणि उलथन्यानं तळापासून फिरवत राहा. आधी ते ओल्या वाळूसारखं जड लागेल. वीसएक मिनिटांनी उलथनं हलकं चालायला लागतं, रवा सळसळ आवाज करतो आणि कडेनं तूप वेगळं दिसायला लागतं. तरीही थांबू नको. अजून दहा-पंधरा मिनिटांत रंग बदामाच्या सालीकडं न जाता नुसता गुलाबीसर होतो आणि वास जिन्यापर्यंत जातो. शेजारीण ‘काय चाललंय’ म्हणून डोकावली की रवा झाला असं समज. या मापाला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि गडबडीत नेमकी हीच मिनिटं कापली जातात.

रवा भाजत असतानाच दुसऱ्या शेगडीवर दूध आणि पाणी एकत्र उकळत ठेव. दूध म्हशीचं, सायीसकट. गंगावेशीतल्या कट्ट्यावर पुढ्यात पिळून देतात तेच मी आणते, पण पिशवीतलंही चालतं. केळ्याच्या चकत्या रव्यात घालून दोन मिनिटं परत, म्हणजे त्या तुपात शिजतात आणि नंतर काळ्या पडत नाहीत. मग गॅस बंद कर आणि उकळतं दूध-पाणी कडेकडेनं ओत. गॅस चालू ठेवून ओतलंस तर ते उसळून हातावर येतं. एकदा तळापासून हलवून झाकण ठेव, गॅस अगदी बारीक करून पाच-सात मिनिटं वाफ येऊ दे. त्या वेळात झाकण उघडून बघायचं नाही.

साखर सगळ्यात शेवटी. रव्याचा दाणा बोटानं दाबला की मऊ तुटला पाहिजे, मगच साखर. आधी घातली तर साखर पाणी ओढून घेते, दाणा अर्धवट फुगतो आणि मग कितीही वाफ दिली तरी तो कचकचीतच राहतो. साखर पडली की शिरा पुन्हा पातळ झाल्यासारखा दिसेल, तेव्हा घाबरू नको. मागं ठेवलेलं पाव किलो तूप आता सोड, वेलची-जायफळ, बेदाणे घाल आणि परत एक वाफ. पातेल्याची कड सुटली, वर चकाकी आली की झालं.

गोळे कशानं होतात ते मी स्वतःच्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात शिकले. शुक्रवार पेठेतलं एकत्र घर, बाहेर पाहुणे आणि मी भाजलेल्या गरम रव्यावर थंडगार दूध ओतलं. सुपारीएवढे गोळे झाले, आतून कोरडे. सासूबाईंनी एक अक्षर न बोलता ते पातेलं बाजूला सारलं, लोखंडी चाळण घेतली आणि आम्ही दोघींनी तो सगळा शिरा गरम गरम चाळणीतून घासून काढला. पाहुण्यांना कळलंही नाही. तेव्हा तुझे झालेच गोळे, तर चाळण आहे.

गुळाचा करायचा मोह कोल्हापुरात होतोच आणि पोथीची परवानगीही आहे. मात्र गूळ उकळत्या दुधात पडला की दूध नासतं. गुळाचा करायचा तर रवा नुसत्या पाण्यात फुलव, चिरलेला गूळ विरघळव आणि गॅस बंद करून जरा निवल्यावर दूध घाल. पहिल्याच खेपेला ऐंशी माणसांसाठी मी तरी हा खेळ करणार नाही.

आता वेळेचं. पोथी म्हणते, कुठल्याही दिवशी करा, आणि वेळ सांगते ‘निशामुखे’. रात्रीच्या तोंडाशी, म्हणजे दिवेलागणीला. पौर्णिमा, एकादशी, संक्रांत हे आपण आपल्या सोयीनं आणि हौसेनं धरतो. सकाळी अकराला पूजा करणारे काही चुकत नाहीत, गुरुजींना दिवसाला चार घरं असतात म्हणून ती वेळ रूढ झाली. पण तुझ्या घरची संध्याकाळ पोथीतल्या वेळेला नेमकी जुळत असताना ह्यांची रजा घालवून सकाळ कशाला धरायची? श्रावणात आपल्याकडं सूर्य साधारण सातला मावळतो. ते सव्वासहाला घरी आले, आंघोळ केली, पावणेसातला पाटावर बसले, की झालं. संध्याकाळी येणारे दुसरे गुरुजी मिळाले तर उत्तम. नाहीच मिळाले तर मराठी पोथी समोर ठेवून तुम्ही दोघांनी करा. हे व्रतच पुराणातलं आहे. त्यात वाणी आहे, मोळीविक्या आहे, गुराखी आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी वेगळे मंत्र ठेवलेले नाहीत. वेदोक्त-पुराणोक्ताचा वाद तर १८९९ साली आपल्याच पंचगंगेच्या घाटावर सुरू झालेला, तो कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. ‘श्री सत्यनारायणाय नमः’ एवढ्या नाममंत्रानं सोळाही उपचार होतात.

आधीच्या गुरुजींना मात्र आजच फोन करून सांग, नाहीतर ते तुझ्यासाठी अकराची वेळ अडवून बसतील. त्या दिवसाची तिथी, वार, नक्षत्र त्यांनाच विचारून कागदावर लिहून घे. संकल्पाला लागतं.

मांडणी अशी. कपिलतीर्थ मार्केटात आदल्या दिवशी केळीचे चार खुंट मिळतील ते आण आणि रात्रभर बादलीत बुडखा बुडवून उभे ठेव, नाहीतर पूजेला पानं माना टाकतात. चौरंग पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून भिंतीपासून हातभर पुढं घे, चार पायांना खुंट सुतळीनं बांध. चौरंगावर कोरं वस्त्र, त्यावर मध्यभागी गव्हाची किंवा तांदळाची रास, त्या राशीवर पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश. आत सुपारी, नाणं, दूर्वा, गंध. तोंडाशी आंब्याचा डहाळा. वर तांदळानं भरलेलं ताम्हन आणि त्या तांदळात बाळकृष्ण. नवीन आणू नको. लग्नात अन्नपूर्णेबरोबर माहेरून आलेला बाळकृष्ण असेल ना, तोच. शाळिग्राम असेल तर तोही. कलशापुढं गणपतीची एक सुपारी आणि नवग्रहांच्या नऊ सुपाऱ्या विड्याच्या पानांवर.

विधीची सुरुवात घरच्या देवांपुढं विडा ठेवून आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडून. आजऱ्याला फोन लाव, सासूबाईंना फोनवरूनच नमस्कार करा. मग आचमन आणि संकल्प. संकल्प म्हणजे कोण, कुठं, कोणत्या दिवशी, कशासाठी करतोय ते स्पष्ट बोलून पाणी सोडणं. मराठीत बोललात तरी चालेल. पण पुटपुटू नका, घरातल्यांना ऐकू यायला हवं. त्यानंतर गणपतीच्या सुपारीची पूजा, कलश-शंख-घंटा-दिव्याला गंधफूल, नवग्रहांना गंधाक्षता. हे पंधरा मिनिटांत उरकलं तरी हरकत नाही.

सत्यनारायणाची मुख्य पूजा आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत सोळा उपचारांची. पोथीत ती ओळीनं दिलेली असते, वाचत जायचं. एकाच ठिकाणी हमखास घोटाळा होतो, तो अभिषेकाला. लोक कलशावरच्या ताम्हनातच बाळकृष्णाला पंचामृत घालतात आणि तांदूळ दूध-दह्यानं थबथबतात, चौरंगावर ओघळ येतात, मुंग्या लागतात. बाळकृष्ण उचलून दुसऱ्या रिकाम्या ताम्हनात घ्यायचा. दूध, दही, तूप, मध, साखर या क्रमानं एकेक पळी घालायची आणि प्रत्येकानंतर साधं पाणी. शेवटी कोमट पाण्यानं आंघोळ, मऊ कापडानं पुसून परत तांदळावर बसवायचा आणि मगच वस्त्र, जानवं, गंध, फुलं. ताम्हनातलं पंचामृत हेच नंतरचं तीर्थ, तेव्हा ते आधीच वाटीत काढून झाकून ठेव. तुळस सकाळीच तोडून ठेव, संध्याकाळी झाडाला हात लावत नाहीत. सहस्र तुळशी वाहणं हा हौसेचा भाग आहे. एकशे आठ वाहिल्यास तरी पुरे, आणि फ्लॅटच्या कुंडीतलं झाड उघडं करण्यापेक्षा महाद्वारातून दोन हार आणावेत हे बरं.

आमच्याकडं इथं थांबून कथा वाचतात आणि कथेनंतर नैवेद्य, आरती. काही घरांत नैवेद्य आधी दाखवतात. सासूबाईंची पद्धत विचार आणि तीच ठेव.

कथा तूच वाच. वीस मिनिटांत उरकते ती कथा नव्हे. पाच अध्याय नीट मराठीत वाचायला पाऊण तास लागतो. ऐकणाऱ्यांच्या हातात अक्षता आणि तुळशीचं पान दे. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी जयजयकार करून घंटा वाजवायची, पाच झाले की त्या अक्षता देवाला. पहिला अध्याय नैमिषारण्यातला, सूत शौनकादिकांना सांगताहेत. त्यात प्रसादाचं, वेळेचं सगळं येतं. दुसऱ्यात काशीचा गरीब ब्राह्मण, त्याच्याकडं पाणी प्यायला आलेला मोळीविक्या. तो पूजा बघतो आणि ठरवतो, आज जेवढी मोळी विकेल तेवढ्यात करीन. त्या दिवशी मोळीला दुप्पट पैसे येतात. मुलं इथपर्यंत टिकतात, पुढं चुळबुळ करतात.

गाभा तिसऱ्या-चौथ्यात आहे, म्हणून ते कापू नको. साधुवाणी उल्कामुख राजाची पूजा बघून म्हणतो, मूल झालं की मी करीन. मुलगी होते, कलावती. बायको लीलावती आठवण करते, तर म्हणतो, हिच्या लग्नात करू. लग्न होतं, तेव्हाही राहतं. जावयाला घेऊन तो व्यापाराला रत्नसारपुरात जातो. तिथं राजाच्या खजिन्यातला चोर पळता पळता माल यांच्याजवळ टाकतो आणि हे दोघे तुरुंगात. इकडं घर लुटलं जातं, मायलेकी दारोदार फिरायला लागतात. एका रात्री कलावती उशिरा घरी येते. आई विचारते, कुठं होतीस? ती म्हणते, एका घरी सत्यनारायण चालला होता, तो बघत थांबले. आणि मग त्या दोघी पूजा करतात. घरात पुरुष नाही, पैसा नाही, मुहूर्त कुणी काढलेला नाही. त्याच पूजेनं तिकडं राजाला स्वप्न पडतं आणि तुरुंगाचं दार उघडतं. ह्यांना त्या दिवशी कंपनीत थांबावंच लागलं तर तू एकटीनं पाटावर बसावंस की नाही, याचं उत्तर या अध्यायात आहे. खुशाल बस.

चौथ्यात वाणी परत येताना दंडी संन्यासी विचारतो, नावेत काय आहे? हा हसून सांगतो, पानं-वेली आहेत. ‘तसंच होवो,’ म्हणतो तो, आणि नाव खरंच पाल्यानं भरते. माफी मागितल्यावर धन परत येतं. मग तुमच्या घरातली भीती ज्या प्रसंगातून आलीय तो प्रसंग येतो. नाव गावाजवळ आल्याचं कळतं, लीलावती पूजा पुरी करून धावते. कलावतीही पूजा पुरी करते, पण नवऱ्याला बघायच्या घाईत प्रसाद तसाच टाकून पळते आणि नवऱ्याची नाव दिसेनाशी होते. लोक इथंच थांबतात. पुढचं वाच ना! आकाशवाणी सांगते, घरी जा, प्रसाद खा, नवरा मिळेल. ती परत जाते, खाते आणि नाव तिथंच उभी दिसते. पाचव्यातला तुंगध्वज राजाही तसाच. वडाखाली गुराखी पूजा करत असतात, राजेपणाच्या तोऱ्यात तो त्यांचा प्रसाद तिथंच टाकून जातो, पुत्र आणि धन जातं. नंतर त्याच गुराख्यांबरोबर बसून पूजा करतो, प्रसाद घेतो आणि सगळं परत मिळतं. पोथीतल्या एकाही माणसाला दार कायमचं बंद झालेलं नाही.

जाऊबाई पडल्या त्या श्रावणातल्या ओल्या रस्त्यावर. त्या दिवशी प्रसाद टाळायचा त्यांचा काही हेतू नव्हता, घाई होती. त्यांना यंदा मुद्दाम बोलाव आणि आरतीनंतरचा पहिला द्रोण त्यांच्या हातात दे. कुणाला लवकर निघायचं असेल तर आरती झाल्याबरोबर त्याला आधी दे. जे आलेच नाहीत त्यांचा डबा त्याच रात्री पोचता कर, केळं-दुधाचा शिरा पावसाळी हवेत दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकत नाही. कुणाला साखरेचा त्रास असेल तर बोराएवढा घास द्या. प्रसाद मापून खायचा नसतो, पण औषधाच्या गोळीएवढा तर घेता येतो.

नैवेद्य दाखवताना शिऱ्यावर तुळशीचं पान ठेवायचं, ताटाखाली पाण्यानं चौकोन काढायचा. आरती, मंत्रपुष्प, मग तीर्थ, मग प्रसाद. तुम्ही दोघं दिवसभर उपाशी असाल तर आधी तीर्थ-प्रसाद घ्या आणि मग वाढायला उठा. तुपाच्या शिऱ्यावर लगेच थंड पाणी मात्र कुणाला देऊ नको, घसा धरतो.

दक्षिणा पूर्वी सव्वा रुपया असायची. पावली ३० जून २०११ ला चलनातून गेली, तेव्हापासून सव्वा रुपया देताच येत नाही. मी देवापुढं सव्वाशे ठेवते. गुरुजी आले असतील तर ते त्यांना, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या पेटीत.

उत्तरपूजा सकाळी. हळदकुंकू, अक्षता, दहीपोह्यांचा नैवेद्य. ‘पुन्हा या’ म्हणून अक्षता टाकायच्या आणि कलश उत्तरेला जरा हलवायचा. कलशातलं पाणी आंब्याच्या पानानं सगळ्या खोल्यांत शिंपड, उरलेलं तुळशीला घाल. फुलं-पानं पंचगंगेत नको, कुंडीत पुर. ताम्हनातले तांदूळ कोरडे राहिले असतील, आणि माझं ऐकून अभिषेक वेगळ्या ताम्हनात केला असशील तर राहतीलच, त्यांचा त्या दिवशी दुपारी भात लाव.